बुवा कुक

तान्ह्या मुलाशी मराठी घरांत जो ‘बुवा कुक’चा खेळ चालतो, त्याचे नियम सांगायला एक वाक्य पुरे होते. मोठ्या माणसाने पदर, उशी, वर्तमानपत्र किंवा नुसते दोन तळहात यांच्याआड तोंड लपवायचे, ‘बुवाऽऽ’ म्हणत आवाज थोडा लांबवायचा, आणि ‘कुक!’ म्हणून एकदम तोंड दाखवायचे. बंगाली घरांत याचेच ‘टुकी’ होते, हिंदी भाषकांच्या घरांत ‘ता’ होते. जपानी आई ‘इनाई इनाई’ म्हणत तोंड झाकते आणि ‘बा’ म्हणून उघडते. कोणी कोणाला शिकवल्याची नोंद नाही. परंतु पहिला शब्द ओढून धरायचा आणि दुसरा तोडून टाकायचा, ही चाल आपल्यालाही ठाऊक आहे आणि टोकियोतल्या आईलाही. अ‍ॅन फर्नाल्ड आणि डॅनिएला ओनील या दोन अभ्यासक स्त्रियांनी निरनिराळ्या भाषांतील आयांचा हा खेळ ताडून पाहिला आणि १९९३ साली त्यावर लिहिले. शब्द कितीही वेगळे असले, तरी आवाजाची चढउतार आणि लय यांत विलक्षण सारखेपणा आहे, असे त्यांना आढळले.

खेळ असा साधा आहे, आणि म्हणूनच त्यातील कोडे सहसा आपल्या लक्षात येत नाही. एखादा विनोद आपण दुसऱ्यांदा ऐकला तर सौजन्याखातर हसतो. तिसऱ्यांदा ऐकावा लागला तर सांगणाऱ्याची कीव येते. सहा-सात महिन्यांचे मूल मात्र त्याच पदराआडून त्याच आत्याचे तेच तोंड दहाव्यांदा बाहेर आले, तरी पहिल्यापेक्षा अधिक जोराने हसते, इतके की त्याला उचकी लागावी. याच्या हसण्यात आणि आपल्या हसण्यात हा फरक कशामुळे पडतो?

या प्रश्नाचे सर्वांत जुने आणि अजूनही सर्वांत लोकप्रिय असलेले उत्तर चार्ल्स डार्विन यांनी देऊन ठेवले आहे. त्यांचा पहिला मुलगा विल्यम २७ डिसेंबर १८३९ रोजी जन्मला. डार्विन यांनी त्याच्या बारीकसारीक हालचालींची टिपणे ठेवली होती, आणि तब्बल सदतीस वर्षांनी ती पुन्हा चाळून १८७७ मध्ये ‘माइंड’ या नियतकालिकात त्यांनी एक छोटा लेख प्रसिद्ध केला. त्यात एक नोंद अशी आहे की, मूल ११० दिवसांचे असताना त्याच्या तोंडावर लहानसे आंगडे टाकून ते चटकन काढून घेतले की त्याला अतिशय मौज वाटे. आणि बापाने स्वतःचे तोंड झाकून घेऊन ते एकाएकी उघडले व जवळ नेले, तरीही तसेच होई. तेव्हा तो एक बारीकसा आवाज काढी, तो म्हणजे उगवते हसू होते, असे डार्विन म्हणतात. हिशेब केला तर हा दिवस १८४० च्या एप्रिलच्या मध्यावर येतो. म्हणजे उत्क्रांतीच्या सिद्धान्ताची जुळवाजुळव ज्या काळात या गृहस्थांच्या डोक्यात चालली होती, त्याच काळात ते घरी बुवा कुकही खेळत होते. या मौजेचे मुख्य कारण आश्चर्य हे होय, असा निर्वाळा देऊन, मोठ्या माणसांच्या विनोदातही बऱ्याच अंशी तेच असते, अशी पुस्तीही त्यांनी जोडली आहे.

डार्विन यांची नजर किती तीक्ष्ण होती हे सांगायला नको, आणि ती नोंद आजही अचूक ठरते. पण नोंद अचूक असली म्हणजे तिच्यावरून काढलेले अनुमानही अचूक असते असे नाही. आश्चर्य हे जर हसण्याचे कारण, तर आश्चर्य ओसरत जाईल तसतसे हसू ओसरले पाहिजे. येथे तर उलट घडते. खेळ सुरू करताना पहिल्या एकदोन खेपांना मूल पुष्कळदा हसतच नाही. डोळे मोठे करून नुसते पाहत राहते. हसू येते ते तिसऱ्या-चौथ्या खेपेला, म्हणजे पुढे काय होणार हे त्याला कळू लागल्यावर.

आश्चर्याच्या उत्तराला पुढे मानसशास्त्रातील एका प्रसिद्ध विचाराचा टेकू मिळाला. स्वित्झर्लंडचे झां पियाजे यांनी स्वतःच्या तीन मुलांचे बारकाईने निरीक्षण करून असे दाखवले होते की, साधारण आठ महिन्यांच्या आतील मुलासमोर खेळणे ठेवले आणि त्याच्या देखत त्यावर फडके टाकले, तर मूल ते फडके दूर करून खेळणे शोधत नाही. ते हात मागे घेते आणि जणू काही नव्हतेच अशा रीतीने दुसरीकडे पाहू लागते. यावरून पियाजे यांनी म्हटले की, दृष्टीआड झालेली वस्तू या वयात मुलाच्या लेखी सृष्टीतूनच नाहीशी होते. वस्तूचे स्थायित्व हे ज्ञान पुढे हळूहळू येते. मग बुवा कुकचा उलगडा सोपा झाला. आई पदराआड गेली की मुलाच्या दृष्टीने ती संपली, आणि पदर दूर झाला की ती शून्यातून पुन्हा अवतरली. दहा वेळा चमत्कार घडला, तर दहा वेळा हसू यायचेच!

हे स्पष्टीकरण इतके गोड आहे की ते सोडवत नाही, आणि पुष्कळ पुस्तकांतून ते अजूनही जसेच्या तसे दिलेले असते. परंतु त्याची परीक्षा घेता येते, आणि ती घेतली गेली आहे. अमेरिकेतील जेरॉड पॅरट आणि हेन्री ग्लाइटमन या दोघांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेला हा प्रयोग मला फार आवडतो, कारण कोणाही समजूतदार आजीला तो पटकन समजेल. त्यांनी सहा, सात आणि आठ महिन्यांची मुले घेतली आणि त्यांच्याशी नेहमीसारखा हा खेळ सुरू केला. माणूस लपला, त्याच जागी तोच माणूस पुन्हा दिसला. असे काही वेळा झाले. मग मध्येच केव्हातरी लबाडी करायची. कधी लपला एक आणि बाहेर आला दुसराच. कधी माणूस तोच, पण तो लपला होता तेथून बाहेर न येता भलत्याच ठिकाणाहून बाहेर आला. नंतर पुन्हा सरळ खेळ. आणि या प्रत्येक वेळी मूल किती हसले ते टिपायचे.

आता यातून निर्णय कसा निघतो ते पाहा. हसू जर आश्चर्यातून येत असेल, तर लबाडीच्या खेपांना ते वाढायला हवे, कारण आत्या लपली आणि काका निघाला यापेक्षा मोठे आश्चर्य ते कोणते? आणि पदराआड गेलेले माणूस मुलाच्या मनातून पार पुसले जात असेल, तर कोण निघाले नि कोठून निघाले याने काहीच फरक पडू नये. प्रत्येक तोंड त्याला सारखेच नवे असणार. प्रत्यक्षात दोन्ही अंदाज फसले. लबाडीच्या खेपांना मुले कमी हसली. सरळ खेळात, म्हणजे जे व्हायचे तेच झाले तेव्हा, ती अधिक हसली.

म्हणजे पदर पुढे असतानाही मुलाच्या मनात काहीतरी टिकून होते. ‘कोणीतरी येईल’ एवढेच नव्हे, ‘ही येईल, येथे येईल’ इतकी ती अपेक्षा नेमकी होती. ती नेमकी नसती तर तिचा भंगही झाला नसता. पियाजे यांचे निरीक्षण खोटे होते असा याचा अर्थ नाही. सहा महिन्यांचे मूल फडक्याखालचे खेळणे शोधत नाही हे आजही घरच्या घरी पडताळून पाहता येते. पण शोधणे म्हणजे हात, डोळे आणि हेतू या तिघांचा मेळ घालणे, आणि हे काम अवघड आहे. हातांना जे जमत नाही ते नजरेला आधी जमते. रेने बेयार्जाँ या विदुषीने १९८७ साली असे दाखवले की, साडेतीन-चार महिन्यांच्या काही मुलांनाही झाकलेली वस्तू आहे त्या जागी आहे याची जाणीव असावी. उभा राहणारा फळीसारखा पडदा मागे कलताना त्याच्या आड ठेवलेल्या ठोकळ्याला अडायला हवा. तो न अडता जणू ठोकळ्यातून आरपार गेला, तर ती मुले त्याच्याकडे अधिक वेळ टक लावून पाहत राहिली. हातांनी न शोधणारे मूल डोळ्यांनी हिशेब ठेवीत होते. या प्रयोगाच्या अर्थाविषयी जाणकारांत वाद आहेत, आणि तो ज्ञानाचा पुरावा की निव्वळ नावीन्याचे कुतूहल, यावर बरीच शाई खर्च झाली आहे. त्या वादात शिरण्याचे येथे कारण नाही. बुवा कुकच्या बाबतीत पॅरट आणि ग्लाइटमन यांचा पुरावा आपल्या कामाला पुरेसा आहे.

तेव्हा मूल हसते ते फसल्यामुळे नव्हे, ओळखल्यामुळे, असे म्हणावे लागते. पण येथे एक शंका लगेच उभी राहते, आणि ती रास्त आहे. आम्हा कचेरीतल्या माणसांचे सारे आयुष्य ठरलेल्या गोष्टी ठरल्याप्रमाणे होण्यात जाते. त्या तशा झाल्या म्हणजे हायसे वाटते हे खरे, पण त्यामुळे कोणी खदखदून हसल्याचे माझ्या पाहण्यात नाही. अपेक्षा पुरी झाली एवढेच कारण असते, तर घड्याळात पाचचे ठोके पडले की मुले हसली असती. शिवाय तान्ही मुले पुनरावृत्तीला कंटाळत नाहीत असेही नाही. तेच चित्र पुन्हा पुन्हा दाखवले की ती त्याकडे पाहणे हळूहळू कमी करतात. तान्ह्यांच्या मनाचा अभ्यास करणारे या कंटाळ्याचेच मोजमाप म्हणून उपयोग करतात. चित्राला कंटाळणारे मूल बुवा कुकला कंटाळत नाही, याचे कारण खेळाच्या अंतरंगात शोधले पाहिजे.

आपल्याकडील गाण्याच्या मैफलीतला एक अनुभव येथे उपयोगी पडेल. तबलजी तिहाई घेऊ लागला की जाणत्या श्रोत्याला ती कोठे संपणार हे ठाऊक असते. ती समेवरच संपणार. सम काही पळून जात नाही. तरी ती नेमकी समेवर येऊन पडली की सगळी बैठक ‘वा!’ म्हणून दाद देते. कारण समेचे ठिकाण ठाऊक असले तरी तिच्यापर्यंत पोहोचण्याचा जो ताण असतो तो खरा असतो. तो वाढत जातो आणि एका क्षणी सुटतो. सम ठाऊक नसलेल्या माणसाला तिहाईचा आनंद होत नाही, त्याला नुसता गलबला ऐकू येतो.

बुवा कुकमध्ये काय होईल हे मुलाला ठाऊक आहे, पण केव्हा होईल हे ठाऊक नाही. आई कधी एक सेकंदात तोंड उघडते, कधी तीन सेकंद थांबते, कधी ‘बुवाऽऽऽ’ इतके लांबवते की मुलाचा श्वास अडकतो. मुलाकडे पाहिले तर हा ताण डोळ्यांना दिसतो. पाय हलवणारे मूल थबकते, भुवया वर जातात, तोंड अर्धवट उघडे राहते आणि नजर पदराच्या काठावर खिळते. मग ‘कुक!’ आणि सारे अंग सुटून हसू फुटते. अ‍ॅलन स्राउफ यांनी १९७० नंतरच्या दशकात सहकाऱ्यांसह तान्ह्यांच्या हसण्याचा मोठा अभ्यास केला. त्यांनी हसण्याची मांडणी अशाच तऱ्हेने केली आहे. मनातील ताण झपाट्याने चढतो, चढण्याचे कारण मुलाला उमगते, आणि तो तितक्याच झपाट्याने उतरतो. या चढउतारात हसू असते. ताण फार हळू चढला किंवा थोडाच चढला, तर नुसते स्मित उमटते.

मात्र हाच ताण उतरला नाही तर त्याचे रडे होते. हसण्याचे आणि रडण्याचे मूळ इतके जवळ आहे, ही गोष्ट मला या साऱ्या विषयात सर्वांत महत्त्वाची वाटते. स्राउफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांपुढे मुखवटा घालून जाण्याचे प्रयोग केले. मुखवटा आईने घातला तर मुले हसत. तोच मुखवटा परक्या माणसाने घातला तर पुष्कळ मुलांची तोंडे रडवेली होत. मुखवट्यात काहीच बदल नव्हता. बदल होता तो, आपण सुखरूप आहोत की नाही, या मुलाच्या अंदाजात. बुवा कुकमध्ये हा अंदाज मुलाला कशावरून बांधता येतो? एक तर माणूस ओळखीचे असते. दुसरे म्हणजे, आणि हे सहसा आपल्या ध्यानात येत नाही, पदराआडून आवाज येत राहतो. ‘बुवाऽऽ’ हा शब्द लांबवण्यात नुसती गंमत नाही. तोंड गेले तरी आई गेलेली नाही, असे तो मुलाला सांगत असतो. मुलाच्या हातून आईचा अर्धा भाग काढून घेतला जातो आणि अर्धा त्याच्याकडेच ठेवला जातो.

म्हणूनच, घरी आलेला पाहुणा मोठ्या उत्साहाने मुलापुढे तोंड झाकतो, मुकाट्याने बराच वेळ तसाच राहतो आणि एकदम मोठ्याने ‘भोऽक’ करतो, तेव्हा मूल हसण्याऐवजी ओठ काढते. यजमान ओशाळतात आणि ‘ते अजून झोपेतून उठलेय ना’ असे काहीतरी सांगतात. मुलाचे काही चुकलेले नसते. तोंड ओळखीचे नाही, आवाजाचा धागा तुटलेला आहे, थांबणे प्रमाणाबाहेर आहे, आणि शेवटचा आवाज धक्का देणारा आहे. ताण चढवण्याची सारी सामग्री तेथे आहे आणि उतरवण्याची एकही नाही. तीच व्यक्ती आधी थोडा वेळ मुलाशी बोलली, नंतर अर्धेच तोंड झाकून डोळे दिसू दिले, झाकणे एका सेकंदावर आणले आणि आवाज मवाळ ठेवला, तर पाचसहा खेपांत तेच मूल तिच्याशी खेळू लागते. थांबण्याचे प्रमाण ठरवायला घड्याळ लागत नाही. मुलाची नजर पदरावर खिळलेली आहे तोपर्यंत ताण गोड आहे. नजर भिरभिरू लागली, खालचा ओठ पुढे आला, की वेळ संपली. आणि खेळाच्या भरात मूल मध्येच मान वळवून भिंतीकडे पाहू लागते, त्याला कंटाळा आला असे समजून आपण त्याचा चेहरा पुन्हा आपल्याकडे वळवतो, हे तर अगदीच उलटे आहे. ते वळणे म्हणजे पुष्कळदा विश्रांती असते. छातीतली धडधड ओसरली की मूल आपण होऊन परत पाहते आणि पुढच्या खेपेची मागणी करते.

हे सारे मुलाला कोणत्या वयात साधते, याचाही शोध घेतला गेला आहे. फिलिप रोशा यांनी दोघा सहकाऱ्यांबरोबर १९९९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी दोन, चार आणि सहा महिन्यांच्या मुलांपुढे बुवा कुक दोन प्रकारे सादर केला. एकदा रीतसर, सगळे टप्पे आपापल्या क्रमाने. आणि एकदा विस्कटून, म्हणजे तेच टप्पे पण क्रमाचा मेळ नसलेले. दोन महिन्यांच्या मुलांना दोन्ही सारखेच. समोर तोंड आहे, ते बोलते आहे, एवढ्यावर ती खूश होती. चार आणि सहा महिन्यांची मुले मात्र विस्कटलेल्या खेळाकडे अधिक वेळ पाहत राहिली आणि हसली कमी. रीतसर खेळाला ती अधिक हसली. दोन आणि चार महिन्यांच्या मधल्या थोड्या आठवड्यांत मुलाला खेळाचा घाट ओळखू येऊ लागतो, असे यावरून दिसते. डार्विन यांचा विल्यम ११० दिवसांचा, म्हणजे साडेतीन महिन्यांच्या थोडा पुढे होता. या घाटाची पहिली ओळख होण्याच्या अगदी उंबरठ्यावर. बापाला आश्चर्य दिसले, आणि त्या दिवशी कदाचित ते होतेही. तीन महिन्यांनी त्यांनी तीच नोंद पुन्हा केली असती, तर ते त्या वाक्यात थोडा फेरफार करते, असे मला वाटल्यावाचून राहत नाही.

परंतु घाट ओळखणे ही सुरुवात झाली. मूल केवळ प्रेक्षक राहत नाही, हा या खेळाचा पुढचा आणि माझ्या मते अधिक रोचक भाग आहे. जेरोम ब्रुनर आणि व्हर्जिनिया शेरवुड यांनी काही मुलांचा हा खेळ त्यांच्या घरी जाऊन कितीएक महिने पाहिला आणि १९७६ मध्ये त्यावर निबंध लिहिला. त्यांनी खेळाचे चार टप्पे केले: आधी नजरानजर, मग लपणे, मग प्रकट होणे, आणि शेवटी पुन्हा नजरानजर. हा क्रम कधी मोडत नाही. बाकी सर्व काही बदलू शकते, आणि आया ते बदलतही असतात. कोण लपणार, आई की मूल की बाहुली? कशाआड लपणार, किती वेळ, काय म्हणत, आणि पदर दूर कोण करणार? एक ठाम सांगाडा आणि त्यात भरायला अनेक मोकळ्या जागा, असे या खेळाचे रूप आहे, आणि म्हणून ‘तोच खेळ पुन्हा पुन्हा’ हे आपले वर्णनच पुरते खरे नाही. आपल्याला सांगाडा तेवढा दिसतो. मुलाला मोकळ्या जागाही दिसतात.

आणि त्यांतली एक जागा मुलाच्याच हातात असते. मूल हसले की आई हसते, तिचा पुढचा ‘कुक’ अधिक रंगतो, त्यावर मूल अधिक हसते. आपल्या हसण्याने समोरचे एवढे मोठे माणूस हलते, हा शोध त्या वयाला लहानसहान नाही. पाळण्यातल्या मुलाच्या आज्ञेत फारसे काही नसते. दूध त्याच्या वेळेला येत नाही, आंघोळ त्याला विचारून होत नाही; पण येथे ते हसले की खेळ पुढे चालतो आणि त्याने तोंड फिरवले की थांबतो.

पुढे मुलाचा हात पदराकडे जाऊ लागतो. आधी त्याला तो धरून तोंडात घालायचा असतो, खेळायचे नसते. मग आठ-नऊ महिन्यांच्या सुमारास, म्हणजे पियाजे यांचे झाकलेले खेळणे जेव्हा शोधले जाऊ लागते त्याच सुमारास, मूल आईच्या तोंडावरचा पदर आपणच ओढून काढते आणि ‘कुक’ ऐकण्यासाठी तिच्याकडे पाहते. आई गप्प राहिली तर ते बुचकळ्यात पडते. आपला वाटा आपण उचलला, आता तिचा वाटा राहिला, हे त्याला कळलेले असते. वर्षाच्या आसपास भूमिका पार बदलतात. मूल स्वतःच दुपट्याखाली शिरते आणि स्वतःच बाहेर येते. ब्रुनर यांनी याच बदलात भाषेची पूर्वतयारी पाहिली. बोलण्यातही एक बोलतो तेव्हा दुसरा थांबतो, मग पाळी उलटते, आणि ‘मी’ व ‘तू’ हे शब्द बोलणाऱ्यागणिक जागा बदलतात. पहिला शब्द येण्यापूर्वी कित्येक महिने मुलाने ही अदलाबदल पदराच्या साहाय्याने गिरवलेली असते. ब्रुनर यांचे हे मत सर्वांनी मान्य केलेले नाही. हा खेळ खेळल्याने मूल लवकर बोलते, असे कोणी सांगू लागले तर त्यावर विश्वास ठेवू नये. तेवढा पुरावा नाही. पण पाळी धरण्याची सवय या खेळात उघड दिसते, हे कोणालाही नाकारता येणार नाही.

मूल स्वतः लपू लागले की एक नवीनच गंमत सुरू होते. त्याचे लपणे फार तकलादू असते. ते फक्त आपले डोळे झाकते आणि सारे अंग उघडे टाकून समजते की आपण दिसत नाही. हे केवळ तान्हेपणीच होते असे नाही. तीन-चार वर्षांची बोलणारी मुलेही डोळे मिटून ‘मी दिसत नाही’ असे खुशाल सांगतात. इंग्लंडमधील जेम्स रसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा मुलांना खोदून विचारले. तेव्हा त्यांनी असे कबूल केले की, डोळे मिटलेल्या माणसाचे डोके दिसते, अंगही दिसते. पण तो माणूस मात्र दिसत नाही. दोघांची नजर एकमेकांना भिडल्याखेरीज एकाने दुसऱ्याला पाहिले असे या मुलांच्या हिशेबी होत नसावे, असा अर्थ त्या अभ्यासकांनी लावला. ब्रुनर आणि शेरवुड यांच्या चार टप्प्यांत पहिला आणि शेवटचा टप्पा नजरानजरेचा होता, हे येथे आठवावे. मुलाच्या दृष्टीने लपणे म्हणजे नजर तोडणे आणि सापडणे म्हणजे नजर जुळणे. पदर, उशी, वर्तमानपत्र ही नुसती साधने आहेत.

यामुळे दीड वर्षाचे मूल पडद्यामागे तोंड खुपसून, पाठ आणि पाय खोलीत तसेच ठेवून उभे राहते, तेव्हा ‘अरे, हे काय, दिसतोयस की!’ असे म्हणणाऱ्या काकाला खेळ कळलेला नसतो. आजीला तो कळलेला असतो. ती त्या पायांकडे पाहत, ‘कुठे गेलं बाई आमचं बाळ? दारामागे नाही, पलंगाखाली नाही...’ असे म्हणत घरभर हिंडते, आणि तिचा आवाज ऐकत पडद्यामागचे मूल आतल्या आत खुदखुदत असते. आता थांबायचे काम आजीचे असते. तिला काय होणार ते ठाऊक आहे. केव्हा होणार ते मात्र पडद्याच्या पलीकडे ठरायचे आहे.